मुंजीच्या फोटोखाली काय लिहायचं? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या वैशाखात आमच्या धाकट्याची मुंज झाली. रात्री दमून बसल्यावर मी एक फोटो टाकला. गुळगुळीत डोकं, मागे शेंडी, कपाळाला गंध. खाली लिहिलं, ‘आज व्रतबंध संपन्न’. अर्ध्या तासात ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला. आवाज दबका. “घरी सगळं ठीक आहे ना गं? कोण गेलं?” ती मराठीच, माझ्यासारखीच मराठी शाळेत शिकलेली. पण तिच्या नात्यागोत्यात मुंज होत नाही. तिच्या गावी डोकं उतरवलेला मुलगा दिसला की दहाव्याचा विधी आठवतो, आणि ‘व्रतबंध’ हा शब्द तिनं आयुष्यात वापरलेला नव्हता. मी कॅप्शन पुसलं आणि नव्यानं लिहिलं. तेव्हापासून नात्यात कुणाची मुंज निघाली की फोटो माझ्याकडे येतात, सोबत तेच ते प्रश्नही. त्यांची उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवते.

मुंज म्हणजे काय, हे एका वाक्यात कसं सांगू?

‘आजपासून हा विद्यार्थी झाला.’ एवढंच. मूल आईच्या पदराआडून निघून गुरूकडे शिकायला जातं, त्या निघण्याचा हा विधी. ‘उपनयन’ या शब्दाचा अर्थही ‘जवळ नेणं’ असाच आहे आणि ते नेणं गुरूजवळ. विधीतली प्रत्येक गोष्ट या वाक्याला जोडता येते. आईबरोबरचं जेवण हा निरोप, केस काढणं ही तयारी, कानातला मंत्र हा पहिला धडा आणि भिक्षा ही विद्यार्थ्याची खानावळ. फोटो कोणताही असो, त्याखालची ओळ या धाग्यावर आली की अनोळखी माणसालाही कळते.

मुंज, व्रतबंध, उपनयन, थ्रेड सेरेमनी. यातला कोणता शब्द वापरू?

पत्रिकेत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’च्या पुढे ‘व्रतबंध’ येतो, गुरुजी ‘उपनयन’ म्हणतात आणि घरात सगळे ‘मुंज’ म्हणतात. कॅप्शनमध्ये ‘मुंज’च लिहा. हा शब्द सगळ्यांनी निदान ऐकलेला असतो आणि त्याच्या पोटात एक सांगण्यासारखी गोष्टही आहे.

मुंज हे एका गवताचं नाव आहे. त्या गवताची वळलेली दोरी, म्हणजे मेखला, मुलाच्या कमरेला तीन वेढे देऊन बांधतात. म्हणून मौंजीबंधन आणि त्याचं झालं मुंज. म्हणजे मराठीत या संस्काराचं नाव खांद्यावरच्या दोऱ्यावरून आलेलं नाही, कमरेच्या गवतावरून आलंय. ‘थ्रेड सेरेमनी’ या शब्दाची माझी तक्रार हीच. तो सगळी नजर जानव्यावर नेतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की दोरा घालणं हाच कार्यक्रम. परदेशातल्या मित्रांसाठी लिहिताना तो शब्द एकदा वापरावा लागतो हे मान्य. पण लगेच पुढच्या वाक्यात गवताची मेखला आणा. आमच्या चिरंजिवांना दिवसभर तीच टोचत होती आणि दर दहा मिनिटांनी ‘ही कधी सोडायची?’ चालू होतं. मी ते कॅप्शनमध्ये लिहिलं, तर सगळ्यात जास्त हसू त्याच ओळीवर आलं.

‘मुंजा’ हा शब्द मात्र जपून वापरा. घरात आपण मुंज झालेल्या आणि लग्न न झालेल्या मुलाला सहज मुंजा म्हणतो. बाकीच्या महाराष्ट्रात मुंजा पिंपळावर राहतो आणि तिन्हीसांजेला भेटतो. ‘आमचा मुंजा’ असं लिहिलेल्या एका फोटोखाली कुणीतरी भुताचं चित्र टाकलं होतं, त्यात त्या बिचाऱ्याची चूक नव्हती. विधी चालू असताना मुलाला ‘बटू’ म्हणतात. तो शब्द गोड आहे आणि निरुपद्रवीही.

शंभर फोटो आहेत. कॅप्शन कोणत्या फोटोला लिहू?

सगळा कुटुंबकबिला स्टेजवर उभा असलेला फोटो सोडून कोणत्याही. त्या फोटोत काही घडत नसतं, त्यामुळे खाली लिहायलाही काही सुचत नाही आणि मग ‘शुभाशीर्वाद असू द्या’ येतं. असा फोटो निवडा ज्यात कुणीतरी काहीतरी करतंय. माझ्या मते मुंजीत असे तीन क्षण आहेत जे न सांगताही माणसाला थांबवतात : आईच्या पानात जेवणारा मुलगा, शालीखाली वाकलेले बाप-लेक, आणि झोळी पुढे करून आईसमोर उभा राहिलेला बटू. एका फोटोखाली एकच क्षण सांगा. अख्खी मुंज एका कॅप्शनमध्ये कोंबायला गेलात तर ती यादी होते आणि यादी कुणी वाचत नाही.

आईबरोबर जेवतानाचा फोटो आहे. त्याखाली काय लिहू?

याला मातृभोजन म्हणतात. मुहूर्ताच्या आधी मुलगा आईच्या ताटात, तिच्याबरोबर जेवतो. सोबत पंगतीला मुंज झालेली पण लग्न न झालेली मुलं बसवतात, बहुतेक घरी आठ. त्यांना अष्टवर्ग म्हणतात. हे जेवण झालं की केस उतरवणं, आंघोळ आणि मग मुहूर्त. यानंतर आईच्या पानातलं उष्टं खायचं नाही, असा संकेत. म्हणजे एका ताटात जेवण्याचं हे शेवटचं निमित्त.

या एका फोटोचं कॅप्शन मी तीनदा लिहिलं. ते कसं बदलत गेलं ते दाखवते, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. पहिला मसुदा असा होता :

‘मातृभोजन. एक हृद्य सोहळा.’

यात अनोळखी माणसाला काहीच मिळत नाही. पहिला शब्द त्याला माहीत नाही आणि पुढचे तीन कुठल्याही फोटोखाली चालले असते. ‘हृद्य’ आहे हे मी का सांगायचं? दुसऱ्यांदा लिहिलं :

‘उपनयन संस्कारात मुलगा मुहूर्तापूर्वी आईसोबत अखेरचे भोजन घेतो. यास मातृभोजन म्हणतात.’

माहिती आली, पण ती पाठ्यपुस्तकातली. शिवाय ‘अखेरचे भोजन’ वाचून माझ्या सासूबाईंनीच चष्मा काढला. त्या म्हणाल्या, “अगं, काहीतरी अभद्र वाटतंय.” बरोबर होतं. तिसऱ्यांदा फोटोकडे नीट पाहिलं. फोटोत तो माझ्या हातातल्या जिलबीकडे बघतोय आणि मी त्याच्याकडे. मग लिहिलं :

‘मुंजीच्या दिवशी मुलगा आईच्या ताटात जेवतो. यापुढे त्यानं आपलं पान वेगळं घ्यायचं, कारण आता तो शिकायला निघालाय. जुन्या काळी यानंतर मुलगा खरंच गुरूच्या घरी जायचा. आमचा सोमवारी शाळेत जाईल आणि डबा मीच भरेन. पण ही जिलबी आम्ही अर्धी अर्धी खाल्ली.’

यात ‘मातृभोजन’ हा शब्दच नाही आणि काही अडलंही नाही. विधीचं नाव सांगायचंच असेल तर शेवटी सांगा. आधी प्रसंग कळू द्या, म्हणजे नाव लक्षात राहतं.

डोकं उतरवल्याचा फोटो पाहून लोक घाबरतात. काय करू?

पहिल्याच ओळीत आनंदाची बातमी द्या. ‘आज मुंज झाली, म्हणून हे नवं डोकं’ एवढ्यानं काम होतं. कारण सांगायचं तर असं : गुरूकडे राहणाऱ्या विद्यार्थ्यानं नटूथटू नये, केसांचे चोचले करू नयेत, म्हणून डोक्यावर फक्त शेंडी राखायची. हल्ली पुष्कळ मुलं केस बारीक करण्यावर भागवतात आणि गुरुजीही चालवून घेतात. तसं केलं असेल तर तसंच लिहा. आमच्याकडे त्याला शाळेत चिडवतील ही भीती होती. तो मात्र शेंडीला रबरबँड लावून मिरवला.

शालीखाली वडील आणि मुलगा काय कुजबुजतात?

हा मुंजीचा गाभा आहे आणि नेमका याचाच फोटो सगळ्यात कमी सांगतो, कारण दिसते फक्त हलणारी शाल. त्या शालीखाली वडील मुलाच्या कानात गायत्री मंत्र सांगतात. इथे वडील हेच पहिले गुरू असतात. शिकवण्याची पद्धत सूत्रग्रंथांतच दिलेली आहे. आधी एकेक चरण, मग अर्धी ऋचा, मग सगळी एकत्र. आजही पाठांतर असंच करून घेतात. कविता शिकवणाऱ्या कोणत्याही बाईंना हे ओळखीचं वाटेल. कॅप्शनमध्ये मला हीच गोष्ट सांगाविशी वाटते. ती कळायला धर्माची काही माहिती लागत नाही.

मंत्र आहे ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातला, विश्वामित्राच्या नावावर असलेला. चोवीस अक्षरांचा. अर्थ साधारण असा की सविता देवाच्या त्या श्रेष्ठ तेजाचं आम्ही ध्यान करतो, तो आमच्या बुद्धीला चालना देवो. यात पैसा, आयुष्य, यश असं काही मागितलेलं नाही. फक्त बुद्धी मागितलीय आणि तीही ‘माझी’ नाही, ‘आमची’. मित्रांना अर्थ सांगायचा तर या ‘आमची’वर बोट ठेवा.

मंत्राचे मूळ शब्द फोटोवर लिहू नका असं माझं मत. तो गुपित आहे म्हणून नाही. तो तर गाडीच्या काचेवरही चिकटवलेला असतो. पण कानात सांगायची गोष्ट फोटोवर मोठ्या अक्षरांत लिहिली की त्या शालीला काही अर्थ राहत नाही.

मुलगा झोळी घेऊन उभा आहे. लोक ‘भीक’ समजतील का?

समजतात. एका काकांनी ‘इतक्या लहान वयात?’ असं लिहून हसरा चेहरा टाकला होता. म्हणून भिक्षावळीच्या फोटोला कॅप्शन हवंच.

पूर्वी विद्यार्थी गुरूच्या घरी राहायचा तेव्हा रोजचं अन्न भिक्षा मागून आणायचा. आणलेलं आधी गुरूपुढे ठेवायचं, मग जेवायचं. श्रीमंताचा मुलगा असो की गरिबाचा, झोळी सगळ्यांच्या खांद्याला. ही फार लांबची गोष्ट नाही. पुण्यात माधुकरी मागून आणि वार लावून जेवत शिकलेली माणसं आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत होती. माधुकरी म्हणजे घरोघरी थोडं थोडं अन्न मागणं. वार लावणं म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवायला जाणं. भिक्षावळ ही या सगळ्याची आठवण आहे. आपल्या शिक्षणाचा भार गाव उचलतं हे मुलानं लक्षात ठेवावं, म्हणून.

बटू म्हणतो, ‘ॐ भवति भिक्षां देहि’. यातल्या ‘भवति’चा अर्थ बरेच लोक ‘होते’ असा लावतात. ते क्रियापद नाही. ती आदरानं मारलेली हाक आहे, मराठीत ‘बाईसाहेब’ म्हणावं तशी. आणि पहिली भिक्षा मागायची ती बहुधा आईकडे. आश्वलायन गृह्यसूत्रात यासाठी एक फार समजूतदार सूचना आहे : पहिली भिक्षा अशा माणसाकडे मागावी, जे नाही म्हणणार नाही. आता अशी व्यक्ती घरात कोण, हे वेगळं सांगायला नको.

सकाळपर्यंत ‘आई, दे ना गं’ म्हणणारं पोर एकदम समोर उभं राहून अदबीनं मागतं. माझ्या हातात तांदळाची वाटी होती, वर रुपया. त्यानं मंत्र बरोबर म्हटला आणि शेवटी हळूच जोडलं, “चॉकलेट पण.” मागे मावश्या, आत्या, काकू लाडू आणि पेनांचे संच घेऊन रांगेत होत्या. त्या फोटोखाली मी लिहिलं :

‘विद्यार्थी झाल्यावर पहिलं काम म्हणजे जेवण मागून आणणं. पहिली भिक्षा आईकडे, कारण ती नाही म्हणत नाही. आज यानं मला पहिल्यांदा आदरानं हाक मारली. टिकली दहा सेकंद.’

जानव्याबद्दल किती सांगू?

थोडंच. तीन सुतांचं, एका गाठीनं जोडलेलं. तिला ब्रह्मगाठ म्हणतात. एरवी ते डाव्या खांद्यावरून उजव्या बाजूला येतं आणि त्याला सव्य म्हणतात. पितरांचं कार्य असेल तेव्हा उलट, म्हणजे अपसव्य. मराठीत ‘सव्यापसव्य करणं’ हा जो खटाटोपाला शब्द आहे तो इथूनच आला, हे सांगितलं की भाषेची आवड असलेले मित्र खूश होतात. फोटो आरशासारखा उलटलेला नाही ना, हे टाकण्याआधी बघून घ्या. सेल्फीत जानवं उजव्या खांद्यावर दिसतं आणि मग एखादे आजोबा फोन करून विचारतात, “अरे, श्राद्ध चाललंय का?”

तीन सुतं म्हणजे काय, याची उत्तरं प्रत्येक गुरुजी वेगळी देतात : तीन वेद, तीन ऋणं, तीन गुण. तुमच्या गुरुजींनी सांगितलेलं एक निवडा.

‘दुसरा जन्म’ किंवा ‘द्विज झाला’ असं लिहू का?

मी लिहीत नाही. कल्पना सुंदर आहे. पहिला जन्म आईच्या पोटी, दुसरा ज्ञानाच्या. पण ‘द्विज’ हा शब्द शतकानुशतकं माणसांची वर्गवारी करायला वापरला गेला. तो वाचणाऱ्या मित्राच्या घराण्याला हा दुसरा जन्म नाकारलेला होता. त्याला तुमचा आनंद दिसण्याआधी तो नकार दिसेल. ‘आता खरा ब्राह्मण झाला’ हे तर अजिबातच नको. ‘आजपासून विद्यार्थी’ यात तेवढाच अर्थ येतो आणि कुणाला बोचत नाही.

मित्रानं विचारलं, ‘हे फक्त तुमच्यातच का?’ काय उत्तर देऊ?

खरं ते सांगा आणि सारवासारव करू नका. गृह्यसूत्रांत तीन वर्णांना उपनयन सांगितलंय. ब्राह्मणाला आठव्या वर्षी, क्षत्रियाला अकराव्या, वैश्याला बाराव्या. मेखलाही वेगळी : क्षत्रियाला धनुष्याची दोरी, वैश्याला लोकरीची. शूद्र म्हणून ज्यांना गणलं त्यांना यातून वगळलं होतं. नंतरच्या काळात तर असा दावा झाला की कलियुगात खरे क्षत्रिय आणि वैश्य उरलेच नाहीत. महाराष्ट्रात आज ब्राह्मणांखेरीज कायस्थ प्रभू, दैवज्ञ अशा काही समाजांत मुंज होते, पण बहुसंख्य मराठी घरांत होत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, फक्त ते मुंजीशी जोडलेलं नसतं. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक रायगडावर ६ जून १६७४ रोजी झाला. त्याच्या आठवडाभर आधी, २९ मे रोजी, त्यांची मुंज करण्यात आली. तेव्हा महाराज ४४ वर्षांचे होते. वैदिक मंत्रांनी अभिषेक व्हायचा तर उपनयन झालेलं हवं, म्हणून गागाभट्टांच्या देखरेखीखाली ती झाली. स्वराज्य उभं करणाऱ्या माणसालाही आधी हा दाखला द्यावा लागला. आणि त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी, १८९९ साली, कोल्हापुरात शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्र म्हणायला त्यांच्याच पुरोहितानं नकार दिला आणि वेदोक्त प्रकरण पेटलं.

हे सगळं कॅप्शनमध्ये घालायची गरज नाही. पण कुणी प्रतिक्रियेत विचारलं तर ‘अहो, तसं काही नाही’ म्हणून उडवू नका. मी त्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं, “हो, बराच काळ दार बंद ठेवलं होतं आणि ते चूक होतं.” त्यानंतर आम्ही जिलबीबद्दल बोललो.

मुलीची मुंज केली आहे. वेगळं काही लिहू का?

उलट, काहीच वेगळं लिहू नका. ‘मुलीची असूनही’ असा सूर आला की तो कौतुकाचा राहत नाही. मुलींच्या मौंजीबंधनाचे उल्लेख जुन्या स्मृतिवचनांत आहेत, अर्थात ‘पूर्वीच्या कल्पात असे’ अशा भाषेत. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी मुलामुलींचं उपनयन मराठी अर्थासह करते. कुणी भुवया उंचावल्या तर एवढी माहिती पुरते.

मुंजीची शास्त्रीय कारणं कॅप्शनमध्ये टाकू का?

नको. जानव्यानं कानाची नस दाबली जाते, शेंडीतून ऊर्जा येते, मंत्रातून अमुक इतक्या लहरी निघतात, हे सगळं फिरत आलेलं असतं आणि त्याला आधार नसतो. तुमच्या यादीत एखादी डॉक्टर मैत्रीण असतेच. तिनं विचारलं, ‘कोणती नस?’ की सगळ्या कॅप्शनचा रंग जातो. विद्यार्थी होण्याचा विधी, हे कारण पुरेसं आहे.

‘तुमच्या नवजोतसारखं’ किंवा ‘बार मित्झ्वासारखं’ असं म्हटलं तर चालेल?

पारशी मित्रांसाठी नवजोतची तुलना छान बसते. तिथेही मूल लहानच असतं, अंगात सुदरा नावाचा सदरा घालतात आणि कमरेला लोकरीच्या ७२ धाग्यांची कस्ती तीन वेढ्यांनी बांधतात. आपली मेखलाही कमरेला, तीन वेढेच. पण नवजोत मुलामुलींची सारखीच होते, हा फरक आहे. ज्यूंची बार मित्झ्वा तेराव्या वर्षी होते आणि तिथे मुलगा सगळ्यांसमोर धर्मग्रंथ वाचून दाखवतो. म्हणजे तिथे शिकून झालेलं दाखवायचं, इथे शिकायला आत्ता कुठे सुरुवात. तेव्हा ‘सारखं’ न लिहिता ‘आठवण करून देणारं’ लिहा.

‘मुलगा मोठा झाला’ हेही टाळा. परदेशी मित्रांना वाटतं की हा वयात आल्याचा समारंभ आहे आणि मग ते फोटोतल्या दुधाच्या दाताकडे बघून गोंधळतात.

कोणते फोटो टाकू नयेत?

लंगोटीतले. विधीत लंगोटी घालायचीच असते आणि आजीला त्यात काही वावगं वाटत नाही. पण ते घरच्या अल्बमात राहू द्या. हाच मुलगा सहा वर्षांनी मित्रांबरोबर तुमचं खातं उघडून बघणार आहे. पत्रिकेचा फोटोही नको, तिच्यावर पत्ता आणि फोन नंबर असतात. शाळेचं नाव, जन्मतारीख, गोत्र-प्रवर यातलं काही कॅप्शनला लागत नाही. आणि टाकण्यापूर्वी त्याला विचारा. आमच्यानं दोन फोटो नाकारले. एकात तो रडत होता, दुसऱ्यात मामा त्याला उचलून घेत होता. दुसरा का, ते अजून सांगितलेलं नाही.

किती लांब लिहू?

इन्स्टाग्रामवर २,२०० अक्षरं मावतात, पण उघडल्यावर दिसतात पहिल्या एक-दोन ओळी. म्हणून ‘मुंज’ हा शब्द आणि ‘विद्यार्थी’ हा शब्द पहिल्या ओळीत यायला हवेत. स्टेटसला तर तेवढंच. पाच-सहा वाक्यांत झालं नाही तर बहुधा दोन फोटोंचं कॅप्शन एकाखाली आलेलं असतं.

एखादं पूर्ण कॅप्शन दाखवाल का?

माझ्या भाच्याच्या मुंजीला लिहिलेलं हे. फोटो दंड घेऊन उभ्या असलेल्या बटूचा. पळसाची काठी त्याच्या डोक्याच्याही वर गेलीय.

‘आज मुंज झाली, म्हणजे हा आजपासून विद्यार्थी. कमरेला मुंज नावाच्या गवताची दोरी आहे, तिच्यावरूनच हे नाव. हातात पळसाची काठी, कारण गुरूच्या घरी जायची वाट रानातून असायची. गुरुजींनी त्याला पाच गोष्टी सांगितल्या : तू ब्रह्मचारी आहेस, आचमन कर, आपलं काम कर, दिवसा झोपू नकोस, गुरूचं ऐकून अभ्यास कर. चौथी ऐकून तो खूश झाला, कारण दुपारी झोपवण्याचा आग्रह आजीचा असतो. केस परत येतील. अभिनंदन करायचं तर त्याला एखादं पुस्तक सुचवा.’

त्या पाच सूचना खरोखर विधीतल्या आहेत, मी जुळवलेल्या नाहीत. गुरुजी संस्कृतात भराभर म्हणून टाकतात, त्यामुळे मांडवातल्यांनाही कळत नाहीत. मुहूर्ताआधी त्यांना सांगून ठेवा, “हे जरा मराठीतून सांगा हं.” कॅप्शनसाठी इतका चांगला मजकूर दुसरा मिळणार नाही.

काठीच्या कारणाबद्दल प्रत्येक घरी वेगळं ऐकायला मिळतं. मी आजोबांकडून ऐकलेलं लिहिलं.

लोक ‘आता लग्नाला बोलवा’ असं लिहितात. त्यावर काय म्हणू?

हे बहुतेक आपलेच नातेवाईक असतात आणि त्यांच्या डोक्यात सोडमुंज असते. शिक्षण संपलं की मेखला सोडायची, घरी परतायचं, ती सोडमुंज. पूर्वी त्यात वर्षं जायची. आता कुणी त्याच दिवशी उरकतात, कुणी थेट लग्नाच्या आदल्या दिवशी. सोडमुंजीत मुलगा छत्री, जोडे घेऊन ‘मी काशीला चाललो’ म्हणून निघतो आणि मामा त्याला वाटेत अडवून म्हणतो, “जाऊ नको, माझी मुलगी देतो.”

आमच्याकडे त्याच दिवशी संध्याकाळी झाली. मामानं अडवलं, ठरलेलं वाक्य म्हटलं. चिरंजीव थांबले, विचार केला आणि म्हणाले, “मुलगी नको. सायकल दे.” तो व्हिडिओ मी कॅप्शनशिवाय टाकला.